खूण पटल्याशिवाय नाही: रामायणातले पशुपक्षी आणि विश्वास

रानजाई

महाकाव्यांतल्या नायकांच्या बाजूने लढणाऱ्या प्राण्यांबद्दल हा धागा काढते आहे. जटायू, हनुमान, सुग्रीवाची सेना ही आपली नेहमीची उदाहरणं. माणसं दगा देतात, भाऊ उलटतात, मंत्री फुटतात, पण हे मदतनीस मात्र डोळे झाकून विश्वास टाकावा असे. असं का? मला वाटतं, प्राण्याला राज्य नको, सोनं नको, सूड नको. त्याचा स्वतःचा डाव नसतो, म्हणून नायक त्याच्याबाबतीत निर्धास्त असतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर तेही सांगावं.

गोदाकाठ

धागा आवडला. पण 'डोळे झाकून' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. निदान वाल्मीकीत तरी एकाही प्राण्यावर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवलेला नाही.

जटायूचंच बघा. अरण्यकांडात पंचवटीच्या वाटेवर राम-लक्ष्मणांना हे प्रचंड गिधाड पहिल्यांदा दिसतं, तेव्हा दोघांनाही तो राक्षस वाटतो. ते थेट विचारतात, तू कोण? तो गोड शब्दांत सांगतो की मी तुझ्या बापाचा मित्र. मग आपलं कूळ सांगतो आणि तुम्ही दोघं बाहेर जाल तेव्हा मी सीतेची राखण करीन असा शब्द देतो. दशरथाचं नाव निघाल्यावरच राम त्याला मान देतो, मिठी मारतो.

आणि तेवढ्यावर भागत नाही. सीताहरणानंतर हाच जटायू रक्ताने माखलेला दिसतो, तेव्हा रामाच्या तोंडून पहिलं काय निघतं? गिधाडाच्या रूपातल्या या राक्षसानेच सीतेला खाल्लं आहे, यात शंका नाही. तो धनुष्याला बाण लावून त्याच्यावर धावून जातो. ज्याने रावणाचा रथ मोडला, धनुष्य मोडलं, सारथी मारला आणि त्यापायी पंख-पाय तोडून घेतले, त्याच्यावर बाण! जटायू रक्ताचा फेस ओकत बोलतो, रावणाचं नाव सांगतो, तेव्हा राम धनुष्य टाकून त्याला कवटाळतो. मग त्याचं दहन, पिंड आणि गोदावरीवर उदक, सगळं घरच्या वडीलधाऱ्यासारखं.

इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद याच प्रसंगाशी जोडलेलं आहे. आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम इथेही हीच कथा स्थानिक लोक सांगतात.

सांगायचा मुद्दा, गिधाडाला दोनदा संशय सोसावा लागला. तो चांगला असूनही.

सह्यकडा

पण मुळात वानर म्हणजे माकडं होती का? ती वनात राहणारी माणसांची जमात होती असं बरेच अभ्यासक मानतात. मग 'प्राणी' म्हणून चर्चा करण्यात अर्थ काय?

विदुला

सह्यकडा, तो वेगळा धागा होईल आणि फार लांबेल. इथे प्रश्न काव्यातल्या पात्रांचा आहे. काव्यात हनुमानाला शेपूट आहे, तीच पेटवली जाते. वानर नखं, दात, झाडं आणि कातळ घेऊन लढतात. ते बोलतात, राज्य करतात, रूपंही बदलतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, तशाच धरून चालू या.

सह्यकडा

ठीक. पण रूपं बदलतात म्हणालात, त्यातच विश्वासाची पंचाईत आहे ना? सोन्याचं हरीण म्हणजे मारीच. प्राणी दिसला म्हणजे तो निष्पाप, हे तिथेच मोडलं.

गोदाकाठ

सह्यकडा, अगदी नेमकं बोललात. या कथेत पहिला मोठा घात प्राण्याच्या रूपात येतो आणि दुसरा भिक्षुकाच्या रूपात. लक्ष्मणाने हरणाबद्दल आधीच सांगितलं होतं की हा मारीच आहे, ऐकलं नाही कुणी. त्यामुळे पुढे जो कुणी प्राणी किंवा भिक्षुक होऊन येईल त्याला पाटी कोरी मिळत नाही, उलट उधारी फेडावी लागते.

आणि हनुमान रामाला पहिल्यांदा भेटतो तो कोणत्या रूपात? भिक्षूच्या! सुग्रीवाला भीती की हे दोघे धनुर्धारी वालीने पाठवलेत, म्हणून तो हनुमानाला वेष बदलून पाठवतो. हनुमान भरपूर बोलतो आणि वेष घेतल्याचंही स्वतःच सांगून टाकतो. राम ते सगळं ऐकून लक्ष्मणाला काय म्हणतो ते वाचण्यासारखं आहे. हा इतका बोलला, पण एकही अशुद्ध शब्द नाही. बोलताना तोंड, डोळे, कपाळ, भुवया कुठेही दोष दिसला नाही. वेदांचं शिक्षण आणि व्याकरण घोटल्याशिवाय असं बोलता येत नाही. म्हणजे रामाने भक्तिभाव पाहिला नाही, बोलण्याची पद्धत आणि चेहरा पाहिला.

टाळमृदंग

नमस्कार मंडळी. मी नारदीय कीर्तन करतो. पुढच्या महिन्यात उत्तररंगाला सीता-हनुमान भेट घेतो आहे, आख्यानाला साधारण ५० मिनिटं मिळतील. मी सुरुवातच हनुमान झाडावरून अंगठी टाकतो इथून करतो. अंगठी पाहिली, सीतामाईला खूण पटली, पुढे संवाद. गोदाकाठ, तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की इथेही काही वेगळं आहे. जरा विस्ताराने सांगाल का?

गोदाकाठ

महाराज, वेगळं आहे आणि कीर्तनाला फार उपयोगी आहे. वाल्मीकीत अंगठी सगळ्यात शेवटी येते. प्रचलित पाठात सुंदरकांडाचे सर्ग ३० ते ३६ सलग वाचा. (बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीत आकडे थोडे मागे सरकतात, म्हणून जवळ कोणती प्रत आहे ते आधी बघा.) क्रम असा आहे.

हनुमान शिंशपेच्या झाडात लपून विचार करतो की बोलायचं कोणत्या भाषेत. 'यदि वाचं प्रदास्यामि द्विजातिरिव संस्कृताम्। रावणं मन्यमाना मां सीता भीता भविष्यति॥' ब्राह्मणासारखं संस्कृत बोललो तर ही मला रावण समजून घाबरेल. ज्या शुद्ध बोलण्याने राम जिंकला गेला तेच इथे घात करील, हे त्याला कळतं. म्हणून साध्या माणसांची बोली वापरायची असं तो ठरवतो. ती ओरडली तर राक्षसिणी जाग्या होतील, झटापट होईल आणि निरोप राहूनच जाईल, हाही हिशेब त्याच विचारात आहे.

मग तो खाली न उतरता नुसती रामकथा म्हणू लागतो, दशरथापासून. सीता मान वर करून बघते तर माकड. तिची पहिली प्रतिक्रिया आनंदाची नाही. स्वप्नात माकड दिसणं शास्त्राने अशुभ मानलं आहे, असं तिच्या मनात येतं. मग ती स्वतःच म्हणते, मला झोपच लागत नाही तर स्वप्न कुठलं!

हनुमान खाली उतरतो, बोलणं सुरू होतं. आणि तो जसजसा जवळ येतो तसतसा तिचा संशय वाढतो. धरलेली फांदी सोडून ती जमिनीवर बसते आणि म्हणते, जनस्थानात परिव्राजकाचं रूप घेऊन आलेला रावण तो तूच.

आता ती परीक्षा घेते. रामाच्या आणि लक्ष्मणाच्या अंगावरच्या खुणा सांग. आणि दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्या सुंदरकांडातला सर्वांत हुशार प्रश्न: 'वानराणां नराणां च कथमासीत्समागमः', माणसांची आणि वानरांची गाठ पडलीच कशी?

रामाच्या खुणा रावणाच्या हेरालाही पाठ करता येतील. पण या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना हनुमानाला ऋष्यमूकावर पडलेल्या दागिन्यांची गोष्ट सांगावी लागते. रावण आकाशातून नेत असताना सीतेने डोंगरमाथ्यावर पाच वानर बसलेले पाहिले आणि उत्तरीयात दागिने गुंडाळून खाली टाकले. अरण्यकांडात स्पष्ट लिहिलं आहे की घाईगर्दीत रावणाच्या हे लक्षात आलं नाही. म्हणजे ही गोष्ट जगात फक्त दोघांकडे असू शकते: टाकणारीकडे आणि उचलणाऱ्यांकडे. हनुमान सांगतो की ते दागिने मीच गोळा केले होते. तो रावण असता तर हे त्याला ठाऊकच नसतं.

या सगळ्यानंतर कवी म्हणतो की सीतेचा विश्वास बसला. आणि मग, पुढच्या सर्गात, रामनाम कोरलेली अंगठी बाहेर येते.

बालबोध

पण तुलसीदासांकडे अंगठी आधीच पडते, आणि सीता तिथेच म्हणते की रामाला जिंकणार कोण, आणि मायेने अशी अंगठी घडवता येणार नाही. म्हणजे अंगठी पुरेशी आहेच की. कथेचा वेगही तिथे जास्त चांगला आहे. सर्वसामान्य श्रोत्याला अंगठीच आठवते.

गोदाकाठ

बालबोध, तुलसीदासांच्या क्रमाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तिथे तो चपखल बसतो, कारण त्यांच्या सीतेला रामाच्या अजिंक्यपणाबद्दल शंका नाही. वाल्मीकीच्या जगात मात्र वस्तूवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. युद्धकांडात रावण विद्युज्जिह्वाकडून रामाचं मायावी शिर आणि धनुष्य करवून घेतो आणि सीतेपुढे ठेवतो. ती क्षणभर फसते, विलाप करते. नंतर सरमा ही राक्षसीण तिला सांगते की हे खोटं आहे. वस्तूची नक्कल होते. बोटातली अंगठी मेलेल्या माणसाच्या हातातूनही काढता येते. दोघांनाच ठाऊक असलेली आठवण काढून घेता येत नाही.

म्हणूनच परत पाठवताना सीता हनुमानाजवळ नुसता चूडामणी देत नाही. सोबत कावळ्याची गोष्ट देते: चित्रकूटावर तिला टोचणारा कावळा, रामाने दर्भाच्या काडीवर घातलेलं ब्रह्मास्त्र, कावळ्याने गमावलेला उजवा डोळा. शिवाय रामाने तिच्या गालाजवळ मनःशिलेचा टिळा लावला होता तीही आठवण. हा मजकूर दूताला आधी माहीत असण्याचा संभवच नाही. इकडे ओळख पटवायला दागिन्यांची हकिकत, तिकडे पटवायला कावळ्याची.

निळा_घोडा

इराणी शाहनाम्यातला रुस्तुमचा घोडा रक्श इथे आठवला. फिर्दौसीचं काव्य, साधारण इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलं. सात संकटांच्या प्रवासात रुस्तुम झोपलेला असतो, सिंह येतो, रक्श एकटा त्याला मारतो. जागा झाल्यावर रुस्तुम शाबासकी देण्याऐवजी रागावतो की मला उठवलं का नाहीस. पुढे अजगर येतो. रक्श दोनदा खुरं आपटून उठवतो, पण रुस्तुम उठला की अजगर अंधारात नाहीसा होतो. रुस्तुम धमकी देतो, पुन्हा उठवलंस तर डोकं उडवीन. तिसऱ्यांदाही रक्श उठवतोच. या वेळी अजगर दिसतो, रुस्तुम लढतो आणि रक्श अजगराच्या खांद्याचा चावा घेऊन मालकाला साथ देतो.

आणि शेवट तर काळीज चिरणारा आहे. सावत्र भाऊ शगाद शिकारीच्या रानात भाले रोवलेले खड्डे खणून ठेवतो. रक्शला ताज्या उकरलेल्या मातीचा वास येतो, तो पाऊल टाकायला तयार होत नाही. रुस्तुम चाबूक मारतो. दोघंही खड्ड्यात पडतात.

इथे निष्ठेत तसूभरही खोट नाही. पण घोडा बोलू शकत नाही आणि मालकाला त्याची खूण वाचता येत नाही.

रानजाई

हे वाचून मला माझं पहिलं म्हणणं मागे घ्यावंसं वाटतंय. रक्शला काहीच नको होतं, तरी तो वाचवू शकला नाही. म्हणजे निःस्वार्थ असणं एक, आणि त्यावर विसंबता येणं दुसरं.

विदुला

रानजाई, तुमच्या पहिल्या म्हणण्याचा 'प्राण्याला राज्य नको' हा भागही सुग्रीवापाशी टिकत नाही. त्याला राज्य हवं आहे, बायको परत हवी आहे, आणि तो ते उघड बोलतो. अग्नीला प्रदक्षिणा घालून मैत्री झाल्यावरही तो रामाची परीक्षा घेतो. दुंदुभीचा सांगाडा राम अंगठ्याने दहा योजनं उडवतो, तर सुग्रीव काय म्हणावा? वालीने फेकला तेव्हा तो देह ओला, मांसाने जड होता. आता वाळून गवतासारखा हलका झालाय, यावरून बळ कसं कळणार? मग राम एका बाणात सात साल वृक्ष भेदतो, तेव्हा त्याचं समाधान होतं. इथे प्राणीच माणसाला तपासतो आहे आणि राम त्याचा राग धरत नाही.

पुढे पहिल्या द्वंद्वात रामाला वाली कोणता नि सुग्रीव कोणता हेच ओळखू येत नाही. सुग्रीव मार खाऊन पळतो. मग दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल बांधतात. दोन सारख्या दिसणाऱ्या माकडांत मित्र कोणता हे कळायला खूण लागते, नाहीतर बाण सोडता येत नाही.

आणि पावसाळा संपल्यावर हा मित्र सुखात रमून वचन विसरतो. रामाचा निरोप सगळ्यांना आठवत असेल: वाली ज्या वाटेने गेला ती वाट अजून बंद झालेली नाही. तेव्हा निष्ठा ही वानराच्या रक्तातच असते असं कवीला म्हणायचं असेल, हे मला पटत नाही.

बालबोध

पण सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, हे तर निखळ निःस्वार्थ प्रेमच आहे. वाल्मीकीत ते आहे.

गोदाकाठ

बालबोध, खारीची कथा वाल्मीकीत नाही. ती नंतरच्या परंपरेत आणि लोककथेत आहे, तिथे ती फार सुंदर आहे. वाल्मीकीचा सेतू म्हणजे कामाचा हिशेब आहे: पाच दिवसांत १४, २०, २१, २२ आणि २३ योजनं, मिळून १००.

विदुला, तुमच्याशी बराचसा सहमत आहे, आणि एक जोडतो. सीतेच्या शोधाला गेलेली अंगदाची तुकडी मुदत चुकवते, तेव्हा तिच्यात बंड शिजतं. महिनाभरात न परतणाऱ्याला मृत्युदंड होता. स्वयंप्रभेच्या गुहेत वेळ गेला. अंगद म्हणतो, सुग्रीव मला जिवंत ठेवणार नाही, परत जायचंच नाही. काही वानर त्याच्याकडे झुकतात. हनुमान तिथे भेदनीती वापरतो, इतरांना अंगदापासून वेगळं करतो. रामाच्या बाजूचं सैन्य किष्किंधेच्या घरगुती वैरामुळे वाटेतच फुटायला आलं होतं.

आता युद्धातली एक गोष्ट, जी या धाग्याला थेट लागू आहे. शुक आणि सारण हे रावणाचे हेर वानरांचं रूप घेऊन सैन्यात शिरतात. बिभीषण त्यांना ओळखतो आणि पकडून देतो. मग लढाई तोंडावर आली असताना राम आज्ञा देतो की वानरांनी युद्धात माणसाचं रूप घ्यायचं नाही. वानररूप हीच आपली ओळखीची खूण. माणसाच्या रूपात आम्ही सातच जण लढू: राम, लक्ष्मण, बिभीषण आणि त्याचे चार मंत्री. कारण सरळ आहे. राक्षसही हवं ते रूप घेऊ शकतात, माणूस झालेला वानर आणि माणूस झालेला राक्षस गर्दीत वेगळे काढायचे कसे? सात आकडा लक्षात ठेवला की आठवा माणूस शत्रू.

सह्यकडा

पण मग राक्षसाने वानराचं रूप घेतलं तर? शुक-सारणांनी घेतलंच होतं.

गोदाकाठ

तो धोका राहतोच, आज्ञेने तो मिटत नाही. एवढं म्हणता येईल की शुक-सारणांना बिभीषणाने ओळखलं, म्हणजे राक्षसाला ओळखायला राक्षसच लागला. लढाईच्या धुमश्चक्रीत तो सगळीकडे कुठून पुरणार? याला माझ्याकडे उत्तर नाही.

विदुला

आणि त्याच बिभीषणाला आत घ्यायला सगळ्यांत मोठा विरोध कुणाचा? सुग्रीवाचा. जो स्वतः भावाविरुद्ध मदत मागायला आला होता तो. अनुकूल बोलला तो हनुमान, आणि तेही बिभीषणाचा चेहरा नि बोलणं पाहून. रामाने त्याला जसं पारखलं होतं, तसंच त्याने पारखलं.

टाळमृदंग

मंडळी, फार मोलाचं मिळालं. आख्यान नव्याने बांधतो आहे. पहिली १० मिनिटं सोन्याचं हरीण आणि भिक्षुवेष, म्हणजे सीतामाईला माकडाची भीती का वाटली ते श्रोत्यांना आधीच कळेल. मग भाषेचा विचार आणि झाडावरून रामकथा यांना १२. संशय आणि दोन प्रश्न यांना १५, इथेच दागिन्यांची हकिकत. अंगठी ५ मिनिटांत, आणि राहिलेली ८ कावळ्याला नि चूडामणीला. अडचण एकच, अंगठी इतकी उशिरा आली तर गावातली म्हातारी माणसं आधीच 'अंगठी, अंगठी' म्हणून वाट बघत बसतील.

विदुला

महाराज, मग ती वाट बघू देत. हनुमानाची मूठ पहिल्यापासून मिटलेलीच दाखवा. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सीतेला ठाऊक नाही. दागिन्यांच्या हकिकतीवर तिचा चेहरा बदलला की मगच मूठ उघडा.

गोदाकाठ

हे उत्तम. फक्त एक सांभाळा. पाठीवर बसवून नेतो असं हनुमान म्हणतो आणि ती नकार देते, तो भाग ३७ व्या सर्गात, अंगठीनंतर आहे. कीर्तनात तो आधी घेतला तर नकार अविश्वासातून आला असं वाटेल. तिचा तोवर पूर्ण विश्वास बसलेला असतो. नकाराची कारणं वेगळी आहेत: वाटेत राक्षसांशी लढावं लागलं तर मी पडेन, परपुरुषाला आपण होऊन स्पर्श करणार नाही, आणि रामाने स्वतः येऊन मला सोडवणं हेच त्याला शोभेल.

टाळमृदंग

मग त्याला ५ मिनिटं हवीत. हरणाच्या १० मधली काढतो.